तारीख बदललेली नाही

सुलेखनाच्या एका कार्यशाळेची जाहिरात इन्स्टाग्रामवर माझ्यासमोर आली, तेव्हा ती प्रसिद्ध होऊन जवळपास एक दिवस उलटून गेला होता. निळ्या चित्रावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत 'शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी १० वाजता' असे छापलेले होते. त्या वर्षी १५ नोव्हेंबरला रविवार येत होता. कार्यशाळा शनिवारीच होती, म्हणजे १४ तारखेला. वार बरोबर होता आणि आकडा चुकला होता. खाली एका वाचकाने विचारले होते, "शनिवार की १५?" त्यावर दुसऱ्याच एका वाचकाने परस्पर उत्तर देऊन टाकले होते, "१५ म्हणजे रविवार." या उत्तरदात्याचा कार्यशाळेशी काही संबंध नव्हता, त्याने फक्त दिनदर्शिका पाहिली होती, पण त्याच्या उत्तराला आयोजकांच्या मौनापेक्षा जास्त वजन आले होते.

आयोजकांनी दुरुस्तीचा जो पहिला मसुदा लिहिला होता, तो असा होता: "मंडळी, मनापासून क्षमस्व! कालच्या पोस्टमध्ये आमच्याकडून छोटीशी गडबड झाली. १५ नोव्हेंबरला होणारी कार्यशाळा आता एक दिवस आधी होणार आहे. तारखेतील बदलाची कृपया नोंद घ्यावी. गैरसोयीबद्दल पुन्हा एकदा दिलगिरी!" हा मजकूर नम्र आहे, शुद्ध आहे आणि सदिच्छेने लिहिलेला आहे. तो प्रसिद्ध झाला असता, तर मूळ चुकीपेक्षा मोठा गोंधळ झाला असता, असे माझे ठाम मत आहे. कॅप्शन लिहिणे हेच ज्याचे रोजचे काम आहे, त्याला असा मसुदा ओळीओळीने उलगडून पाहण्याची खोड असते. ती इथे उपयोगी पडेल.

सर्वांत मोठा दोष 'आता एक दिवस आधी होणार आहे' आणि 'बदलाची नोंद घ्यावी' या दोन ठिकाणी आहे. कार्यशाळेचा दिवस कधीच बदललेला नव्हता. नोंदणीच्या अर्जावर, छापील पत्रकावर आणि वर्गात तोंडी दिलेल्या सूचनेत पहिल्यापासून १४ तारीखच होती. चुकली होती ती फक्त या एका पोस्टवरची छपाई. ज्यांनी ही पोस्ट पाहिलीच नव्हती आणि ज्यांच्या वहीत १४ तारीख बरोबर लिहिलेली होती, अशा माणसाच्या कानावर 'कार्यशाळा एक दिवस आधी झाली' एवढेच गेले, तर तो १३ तारखेला येऊन दारात उभा राहील. चुकीची माहिती मिळालेल्या माणसाला वाचवण्याच्या नादात बरोबर माहिती असलेल्या माणसाला आपण हलवून ठेवतो. म्हणून दुरुस्ती लिहिण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा लागतो: कार्यक्रम हलला आहे की आकडा चुकीचा छापला गेला आहे? कार्यक्रम खरोखर हलला असेल, तर जुनी तारीख सर्वांसाठीच रद्द होते आणि 'बदल' हाच शब्द योग्य ठरतो. छपाईची चूक असेल, तर जुनी तारीख ठराविक पोस्टपुरतीच खोटी असते, आणि दुरुस्तीने तेवढेच सांगितले पाहिजे.

'एक दिवस आधी' याची आणखी एक अडचण आहे. कशाच्या आधी? ज्याने चित्रातला वार धरला, त्याच्या लेखी कार्यशाळा शनिवारी आहे. त्याच्या हिशेबाने एक दिवस आधी म्हणजे शुक्रवार. ज्याने आकडा धरला, त्याच्या लेखी ती रविवारी आहे. त्याचा एक दिवस आधी म्हणजे शनिवार. वार आणि तारीख यांचा मेळ नसलेल्या पोस्टची दुरुस्ती करताना वाचक आधीच दोन गटांत विभागलेले आहेत हे विसरून चालत नाही. यांपैकी एका गटाकडे बरोबर दिवस आहे आणि फक्त आकडा चुकीचा आहे, दुसऱ्याकडे दोन्ही चुकीचे आहे. दोघांनाही एकाच वाक्याने योग्य ठिकाणी आणायचे असेल, तर ते वाक्य कशाच्याही तुलनेत नसावे. वार, तारीख, महिना आणि वेळ अशी सगळी पुरती लिहावी. 'येत्या शनिवारी', 'परवा', 'पुढच्या आठवड्यात' या शब्दांचेही तेच. ते लिहिणाऱ्याच्या 'आज'वर अवलंबून असतात, आणि वाचणाऱ्याचा 'आज' वेगळा असू शकतो.

तो वेगळा असतोच, कारण पोस्ट ज्या क्रमाने लिहिल्या जातात त्या क्रमाने वाचल्या जात नाहीत. इन्स्टाग्रामने २०१६ पासून मुख्य फीडमध्ये काळाचा क्रम सोडला. ज्या पोस्टला प्रतिसाद अधिक, ती अधिक काळ आणि अधिक लोकांसमोर येत राहते. फेसबुकचेही वागणे साधारण असेच आहे. याचा दुरुस्तीवर होणारा परिणाम मोठा कडवट आहे. मूळ जाहिरातीला दाद मिळालेली असते, 'तारीख की वार' या प्रश्नोत्तरांमुळे तिच्याखाली वर्दळही वाढलेली असते, म्हणून ती फिरत राहते. दुरुस्तीच्या कोरड्या पोस्टला दाद देण्यासारखे काही नसते, म्हणून ती मागे पडते. कोणाला मंगळवारची दुरुस्ती आधी दिसते आणि सोमवारची चुकीची जाहिरात गुरुवारी दिसते. अशा वाचकाला गुरुवारची माहिती ताजी वाटली, तर त्यात त्याचा दोष नाही.

यातून दोन गोष्टी ठरतात. पहिली, दुरुस्ती मूळ पोस्टवरच झाली पाहिजे. नुसती वेगळी पोस्ट टाकून भागत नाही. दुसरी, वेगळी पोस्ट टाकलीच, तर ती एकटी वाचली तरी पूर्ण कळली पाहिजे, आणि कोणत्या पोस्टबद्दल ती बोलते आहे हे 'कालच्या' या शब्दावर टांगलेले नसावे. इथे मला चित्राचा रंग उपयोगी पडतो. 'निळ्या चित्राच्या पोस्टमध्ये' असे म्हटले की पोस्टच्या तारखेचा आणखी एक आकडा मजकुरात घुसत नाही. दुरुस्तीत आकडे वाढणे हा एक लपलेला धोका आहे: चुकीची तारीख, बरोबर तारीख, मूळ पोस्टची तारीख, दुरुस्तीची तारीख, पैसे परत मागण्याची शेवटची तारीख. घाईत नजर फिरवणारा माणूस यातला कोणता आकडा उचलून नेईल, याची काही शाश्वती नाही.

मूळ पोस्टवर दुरुस्ती करायची म्हटले की माध्यमाच्या मर्यादा आड येतात. इन्स्टाग्रामवर कॅप्शन नंतर केव्हाही सुधारता येते, पण प्रसिद्ध झालेल्या पोस्टचे चित्र काढून त्याजागी दुसरे बसवता येत नाही. त्यामुळे वर चित्रात १५ आणि खाली कॅप्शनमध्ये १४ अशी स्थिती अटळ असते. कॅप्शनमध्ये गुपचूप १४ करून गप्प बसले, तर पोस्ट आधी फक्त चुकीची होती, ती आता स्वतःशीच भांडू लागते. शिवाय ज्यांनी पोस्ट आधी पाहिली त्यांना कॅप्शन सुधारल्याची सूचना जात नाही, आणि खालचे जुने प्रश्न अर्थहीन होतात; 'शनिवार की १५?' हा प्रश्न वाचून नवा वाचक पुन्हा बुचकळ्यात पडतो. म्हणून सुधारलेल्या कॅप्शनने चित्रातील आकड्याचे नाव घेऊन तो चुकला आहे हे सांगावेच लागते. हे सांगण्याची जागा पहिली ओळ. फीडमध्ये कॅप्शनच्या सुरुवातीच्या दीड-दोन ओळीच उघड दिसतात आणि उरलेला मजकूर 'आणखी'च्या आड जातो. तिथपर्यंत फार थोडे लोक बोट नेतात. पहिल्या मसुद्यातली क्षमायाचना नेमकी हीच मोक्याची जागा अडवून बसली होती.

व्हॉट्सॲपवर परिस्थिती अधिक कडक आहे. गटात पाठवलेला संदेश पहिल्या १५ मिनिटांतच सुधारता येतो, आणि तो सुधारला तरी दुसऱ्या गटांत पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात. तिथे नवा, पूर्ण आणि पुढे पाठवता येईल असा संदेश लिहिण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तो मूळ संदेशाला उत्तर म्हणून पाठवला तर निदान त्या गटात तरी दोन्ही एकत्र दिसतात.

मग पोस्ट काढूनच का टाकू नये, असा प्रश्न येतो. पहिल्या काही मिनिटांत, एकही प्रतिक्रिया आली नसताना चूक दिसली, तर खुशाल काढावी आणि नवी टाकावी. त्यात लपवाछपवी काही नाही. पण एक दिवस उलटल्यावर लोकांनी तिचे स्क्रीनशॉट घेतलेले असतात, मित्रांना पाठवलेले असतात. पोस्ट काढली की ते स्क्रीनशॉट जात नाहीत. जाते ती फक्त एकच जागा, जिथे संशय आलेला माणूस खातरजमा करायला परत आला असता. मला चुकीची पण दुरुस्तीसकट उभी असलेली पोस्ट नाहीशा झालेल्या पोस्टपेक्षा बरी वाटते. अपवाद एक: पोस्ट पैसे देऊन बूस्ट केलेली असेल, तर इतर काहीही करण्याआधी ती जाहिरात थांबवावी, नाहीतर आपण आपल्याच खर्चाने चुकीचा आकडा नव्या लोकांपर्यंत पोचवत राहतो.

चुकीचा आकडा दुरुस्तीत पुन्हा लिहावा की नाही, याबद्दल जाणकारांतही मतभेद दिसतात. न लिहिण्याच्या बाजूचा युक्तिवाद असा की पुनरुक्तीने चूकच लक्षात राहते. यात तथ्य आहे. हॉलिन जॉन्सन आणि कॉलीन सायफर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना एका गोदामाला लागलेल्या आगीची बातमी तुकड्यातुकड्याने वाचायला दिली होती. आधी सांगितले गेले की एका खोलीत रंगाचे डबे आणि गॅसचे सिलिंडर होते. नंतर सांगितले गेले की ती खोली रिकामी होती. दुरुस्ती वाचून आणि लक्षात ठेवूनही अनेक जण पुढच्या प्रश्नांना उत्तरे देताना त्याच डब्यांवर आणि सिलिंडरवर विसंबून राहिले. जुन्या माहितीची जागा घेणारे दुसरे कारण पुरवले, तेव्हा मात्र तिचा पगडा कमी झाला. आपल्या कामापुरता मी यातून एवढाच अर्थ काढतो की 'ती तारीख चुकीची आहे' हे वाक्य जुना आकडा पुसत नाही. त्याच्या जागी बसणारा नवा आकडा आधी आणि पुरता द्यावा लागतो. तरीही जुना आकडा एकदा उच्चारणे भाग असते, कारण त्याशिवाय वाचकाला आपण चुकीची माहिती घेऊन बसलो आहोत हे ओळखता येत नाही. एकदा, नवीन तारखेनंतर, आणि 'चुकून छापले गेले' या शब्दांच्या सोबतीनेच. दुरुस्तीच्या चित्रात मात्र तो मुळीच नको.

जुन्या तारखेवर काट मारून शेजारी नवी लिहिण्याची पद्धत दिसायला चोख वाटते, पण मी ती टाळतो. छोट्या पडद्यावर काट दिसत नाही, आकडा दिसतो. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये काट मारण्याची सोय नाही. लोक त्यासाठी वेगळी चिन्हे चिकटवून आणतात, आणि मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेल्या माणसाला त्यातून दोन्ही तारखा सारख्याच ऐकू येतात किंवा भलतेच काही ऐकू येते.

तर शेवटी त्या निळ्या पोस्टखाली जे कॅप्शन गेले, ते असे:

"कार्यशाळा शनिवार, १४ नोव्हेंबर रोजी सकाळी १० वाजता आहे. वरील चित्रात १५ हा आकडा चुकून छापला गेला आहे. वार, वेळ आणि ठिकाण बरोबर आहे. नोंदणी केलेल्यांनी पुन्हा नोंदणी करण्याची गरज नाही. रविवार समजून नाव नोंदवले असेल आणि शनिवारी येणे शक्य नसेल, तर गुरुवारपर्यंत कळवावे; पूर्ण शुल्क परत केले जाईल. चुकीबद्दल दिलगीर आहोत."

यातील 'वार, वेळ आणि ठिकाण बरोबर आहे' हे अर्धे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. एक तपशील चुकला असे कळले की वाचकाचा बाकीच्या तपशिलांवरचाही विश्वास डळमळतो, आणि 'वेळ तीच ना?', 'जागा तीच ना?' अशा चौकशा सुरू होतात. काय बदलले नाही हे सांगितल्याने त्या तिथेच थांबतात. नोंदणीबद्दलची ओळही तशीच: दुरुस्ती वाचल्यावर माणसाच्या मनात पहिला विचार 'मला आता काय करायचे आहे?' असा येतो, आणि बहुतेकांसाठी त्याचे उत्तर 'काही नाही' असे असते. पण ते लिहिलेले नसेल तर लोक दुसऱ्यांदा अर्ज भरतात. दिलगिरी शेवटी आहे आणि एकदाच आहे. आयोजकांच्या चमूतील एका ज्येष्ठ बाईंना ती रुक्ष वाटली. "एवढ्याशा वाक्यात माफी मागितल्यासारखी वाटत नाही हो," त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे मला पटले नाही, पण त्यांच्या आग्रहाखातर प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला खाली स्वतंत्रपणे आभाराचे उत्तर गेले, आणि ते योग्यच झाले. विशेषतः 'शनिवार की १५?' विचारणाऱ्याने खरे तर आयोजकांचेच काम केले होते.

वेगळ्या पोस्टसाठी हेच कॅप्शन जसेच्या तसे चालले नसते, हे सांगायला हवे. 'वरील चित्रात' हे शब्द तिथे नव्या चित्राकडे बोट दाखवतात, ज्यात १४ च छापलेले आहे. तिथे 'निळ्या चित्राच्या पोस्टमध्ये' असे लिहिले गेले आणि नवे चित्र मुद्दाम पिवळ्या रंगात केले गेले, म्हणजे स्क्रीनशॉटमध्येही कोणते जुने आणि कोणते नवे हे लांबून कळावे. त्याच निळ्या साच्यात फक्त आकडा बदलून चित्र टाकण्याचा मोह होतो, पण मग दोन चित्रे जुळ्यांसारखी फिरत राहतात.

किंमत चुकली असेल, तर प्रकरण आणखी नाजूक होते. चुकीची तारीख सर्वांसाठी सारखीच चुकीची असते. चुकीच्या किमतीचा अर्थ मात्र वाचकाने मध्यंतरी काय केले यावर ठरतो. छापलेली रक्कम खऱ्यापेक्षा कमी असेल, तर त्या रकमेला काही जणांनी नावे नोंदवलेली असतात. त्यांच्याबद्दल दुरुस्ती मूक राहिली, तर त्यांना वाटते की फरक मागितला जाईल, आणि इतरांना वाटते की आधी स्वस्त दाखवून गिऱ्हाईक गोळा करण्याची ही युक्ती होती. माझ्या मते जितक्यांनी कमी रकमेत पैसे भरले तितक्यांना त्याच रकमेत घ्यावे आणि ते दुरुस्तीतच जाहीर करावे: अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत नोंदणी केलेल्यांना छापलेलेच शुल्क लागू राहील. ही सीमारेषा तासासकट लिहावी लागते. 'आधी नोंदणी केलेल्यांना' एवढे म्हटले तर दुरुस्ती पडल्यानंतर पाच मिनिटांनी आलेला माणूसही स्वतःला आधीचाच समजतो. छापलेली रक्कम खऱ्यापेक्षा जास्त असेल, तर लिखाण सोपे आहे आणि काम जास्त: जादा घेतलेले पैसे न मागता परत करायचे आणि ते केव्हापर्यंत मिळतील हे सांगायचे. किमतीच्या बऱ्याच चुकांत आकडा बरोबरच असतो. तो सदस्यांसाठी आहे, किंवा त्यात साहित्य धरलेले नाही, ही अट गळालेली असते. तेव्हा 'किंमत चुकली' असे लिहिणे म्हणजे बरोबर आकड्याला खोटे पाडणे होय. गळालेली अट कोणती आणि ती कोणाला लागू आहे, एवढेच लिहावे.

क्रमाबद्दल मी आग्रही आहे. दुरुस्ती प्रसिद्ध करण्याआधी नोंदणीचा अर्ज आणि त्यानंतर आपोआप जाणारा पोचसंदेश तपासावा. दुरुस्ती वाचून लोक पहिल्यांदा तिथेच धाव घेतात, आणि तिथे जुना आकडा सापडला तर दुरुस्तीच खोटी ठरते. मग मूळ कॅप्शन, मग त्याखाली पिन केलेली टिप्पणी, मग स्टोरी आणि गट. चित्रासाठी लिहिलेला पर्यायी मजकूर हमखास विसरला जातो. इन्स्टाग्रामवर तो बदलता येतो, आणि दृष्टिहीन वाचकाला चित्रातली तारीख तिथूनच कळते. ज्यांनी ही पोस्ट आपल्या पानावर वेगळी टाकली त्या सहयोगी संस्थांना तयार मजकूर पाठवावा, नुसते 'दुरुस्त करा' असे कळवू नये. नाहीतर प्रत्येक जण आपापल्या शब्दांत दुरुस्ती लिहितो आणि कोणीतरी 'तारीख बदलली' असे लिहितोच. हे सगळे पाठवण्यापूर्वी, मसुदा ज्याने लिहिला नाही अशा माणसाने तो दिनदर्शिका उघडून मोठ्याने वाचावा. दुरुस्तीची दुरुस्ती करण्याची वेळ आली, तर त्यानंतर कोणताही आकडा कोणी खरा मानत नाही.

दुरुस्ती लागू पडली की नाही, हे लाइकवरून कळत नाही, येणाऱ्या प्रश्नांवरून कळते. 'म्हणजे शनिवारीच ना?' असे कोणी विचारले, तर मजकूर पोचला आहे आणि माणूस फक्त खात्री करून घेतो आहे. 'का बदलली?' असे विचारले, तर कुठेतरी अजून 'बदल' हा शब्द फिरतो आहे आणि तो शोधायला हवा. प्रश्नच आले नाहीत, तर ते समाधान मानण्याचे कारण नाही. सोमवार दुपार ते मंगळवार या काळात ज्यांनी नावे नोंदवली, त्यांना एकेकाला संदेश जायलाच हवा, आणि त्यात उत्तराची अपेक्षा ठेवावी: 'शनिवार, १४ नोव्हेंबरला येत आहात ना?' यादीतील ज्या नावांसमोर उत्तर येत नाही, त्यांना फोन करावा. कार्यशाळेच्या दोन दिवस आधीच्या आठवण करून देणाऱ्या पोस्टमध्ये मात्र झालेल्या चुकीचा उल्लेख कुठेही नको, कारण ती पोस्ट पहिल्यांदाच वाचणाऱ्याला १५ हा आकडा माहीतच नसतो.